डावीकडे वळलं की फ्यूज उडतो: एका 100 सीसी गाडीची टेस्ट लॅम्पने केलेली तपासणी

गुरुजींची गाडी 2008 ची, 100 सीसी, किकवाली. पाटण खोऱ्यातल्या एका वाडीतून रोज अकरा किलोमीटर शाळेला जाणारी. जुलैच्या भर पावसात ते गॅरेजात आले तेव्हा गाडी चालू होती आणि हेडलाइटही जळत होता. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट आणि मीटरमधला हिरवा न्यूट्रलचा दिवा मात्र मेलेले. या जातीच्या गाड्यांत इग्निशन आणि हेडलाइट थेट इंजिनाबरोबर फिरून वीज देणाऱ्या मॅग्नेटोच्या करंटवर चालतात, बाकीचं सगळं बॅटरीवर. त्यामुळे बॅटरीचा फ्यूज उडाला तरी गाडी घरी पोचते आणि माणसाला वाटतं, किरकोळ काहीतरी असेल.

"फ्यूज उडतोय," गुरुजी म्हणाले. "दोन महिन्यांत चौथा. आणि उडतो कधी, तर शाळेच्या फाटकात. डावा इंडिकेटर दिला, गाडी वळवली, की गेला."

पुढची हकिकत त्यांनी वर्गात सांगावी तशी क्रमाने सांगितली. पहिल्यांदा उडाला तेव्हा तसाच नवा घातला. दुसऱ्यांदा उडाल्यावर एकाने इंडिकेटरची उघडझाप करणारा फ्लॅशर बदलला. तिसऱ्यांदा दुसऱ्या एकाने आणखी एक फ्लॅशर बदलला आणि "हा टिकेल" म्हणून जाड फ्यूज घातला. आठवड्यापूर्वी तोही उडाला, आणि त्या वेळी जळल्याचा वास आला. मधल्या काळात उजवा इंडिकेटर घाईघाईने मारायला लागला आणि हॉर्न कधी वाजायचा, कधी नुसता खरखरायचा. म्हणून त्यांनी नवा हॉर्न विकत घेतला होता. तो अजून खोक्यातच, पिशवीत.

मी साइड पॅनेल काढून फ्यूज बघितला. पिवळं पातं. पात्याच्या फ्यूजमध्ये रंगावरून आकडा कळतो: लाल 10 अँपिअर, निळा 15, पिवळा 20. झाकणावर छापलं होतं 10. हा आकडा कंपनीने अंदाजपंचे ठरवलेला नसतो. या गाडीत बॅटरीवर एका वेळी जास्तीत जास्त काय चालेल ते मोजा. ब्रेकचा बल्ब 21 वॉट, एका बाजूचे दोन इंडिकेटर 10-10 वॉट, हॉर्न साधारण 30 वॉट, मीटरमधले बारके दिवे धरून सगळं मिळून 75-80 वॉट. बाराने भागलं की साधारण साडेसहा अँपिअर. म्हणजे 10 चा फ्यूज उडतो तेव्हा तो कमी पडलेला नसतो, कुठेतरी प्लसची वायर लोखंडाला टेकलेली असते. तिथे 20 घातला तर फ्यूजऐवजी ती वायर तापते. गुरुजींना आलेला वास त्याचाच होता, पण वायर नेमकी कुठे तापली ते शोधायचं होतं.

मी नवा फ्यूज घातला नाही. फ्यूजच्या दोन खाचांत टेस्ट लॅम्पची दोन टोकं घातली.

माझा टेस्ट लॅम्प म्हणजे 21 वॉटचा ब्रेक लाइटचा एका फिलामेंटचा बल्ब, एक होल्डर, हातभर लांब दोन वायरी, एकीला क्रोकोडाइल क्लिप, दुसरीला दाभणासारखी सुई. क्लिप काढून तिथे चपटा लग लावला की तो फ्यूजच्या खाचेत बसतो. फ्यूजच्या जागी हा बल्ब बसवला की पुढे कितीही शॉर्ट असू दे, करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जात नाही, कारण बल्बच तो अडवतो. काही जळत नाही आणि फ्यूजवर फ्यूज खर्ची पडत नाहीत. शॉर्ट जितका वेळ आहे तितका वेळ बल्ब पेटलेला राहतो, म्हणजे निवांत शोधता येतं. उडालेला फ्यूज फक्त "झालं होतं" एवढं सांगतो. हा बल्ब "आत्ता होतंय" हे सांगतो.

तो किती उजळतो यालाही अर्थ असतो. चावी ऑन करून गाडी न्यूट्रलला असेल तर मीटरमधला हिरवा दिवा लागतो आणि आपला बल्ब जवळजवळ विझलेलाच दिसतो, कारण तीन वॉटच्या दिव्याला लागणारा करंट 21 वॉटच्या बल्बला काहीच नाही. ब्रेक दाबला तर दोन सारखे बल्ब सिरीजमध्ये येतात, व्होल्टेज वाटून घेतात आणि दोघंही पिवळट, अर्धवट जळतात. हॉर्नचं बटण दाबलं तर बल्ब उजळतो आणि हॉर्न फार तर घोगरा आवाज काढतो. हे सगळं ठीक. पण बल्ब पूर्ण पांढरा जळायला लागला आणि त्याच क्षणी मीटरमधला हिरवा दिवा विझला, तर पुढे थेट शॉर्ट आहे, कारण सगळे बाराच्या बारा व्होल्ट आपल्याच बल्बवर पडले. एक पथ्य पाळायचं: फ्यूजच्या जागी बल्ब असताना इंजिन चालू करायचं नाही. रेग्युलेटरला बॅटरी नीट जोडलेली दिसत नाही आणि व्होल्टेज भडकू शकतं.

तर चावी ऑन केली. हिरवा दिवा लागला, माझा बल्ब विझलेला. शॉर्ट नाही. डावा इंडिकेटर दिला, अर्धवट उजेड, ठीक. ब्रेक दाबला, ठीक.

इथे माझा अर्धा तास गेला. फ्यूज मधूनच उडत असेल तर माझा पहिला संशय सीटखाली असतो. तिथे मागच्या मडगार्डच्या पत्र्यावर ब्रेक लाइटची वायर घासते, मागे माणूस बसला की सीट दबते आणि वायर टेकते. मी सीट काढली, सगळी वायरिंग ओढून, दाबून, हलवून पाहिली. गॅरेजातल्या पोराला मागे बसवून गाडी हलवायला लावली. बल्ब ढिम्म.

गुरुजी बाकावर चहा पीत बसले होते. म्हणाले, "अरे, मी सांगतोय ना, फाटकात वळताना उडतो. रस्त्यावर कधीच नाही."

तेव्हा लक्षात आलं की गाडी मेन स्टँडवर आहे आणि हँडल सरळ आहे. डांबरी रस्त्यावर वळणातसुद्धा हँडल फारसं फिरत नाही, आपण गाडी झुकवतो. हँडल टोकापर्यंत फिरतं ते फाटकात, बोळात, गाडी लावताना. गुरुजींच्या फाटकात डावा इंडिकेटर आणि पूर्ण डावं हँडल या दोन गोष्टी रोज एकदमच घडायच्या. सगळ्यांनी इंडिकेटरला धरलं, कारण तो टिकटिकत होता. हँडल बिचारं गप्प होतं.

इंडिकेटर बंद ठेवला आणि हँडल डावीकडे पूर्ण फिरवलं. बल्ब लख्ख पेटला, मीटरमधला हिरवा दिवा विझला. सरळ केलं, बल्ब गेला, हिरवा आला. पोराने तीनचार वेळा गंमत म्हणून फिरवून बघितलं, मीही फिरवू दिलं.

आता हँडल डावीकडेच दोरीने बांधलं, म्हणजे शॉर्ट कायम राहील, आणि एकेक फांदी तोडत गेलो. चावी बंद केली तर बल्ब विझला. म्हणजे फ्यूजपासून चावीपर्यंतची वायर साफ आहे, दोष चावीच्या पुढे. हेडलाइटचा डोम उघडला. चावीतून येणारी वायर तिथे दोन वाटांनी जाते: एक मीटर आणि हँडलच्या स्विचांकडे, दुसरी मान, म्हणजे हँडल ज्यात फिरतं तो चेसिसचा भाग, ओलांडून मागे, टाकीखाली, फ्लॅशर, हॉर्न आणि ब्रेक स्विचकडे. मागे जाणाऱ्या वायरचा जोड सोडला आणि चावी ऑन केली. माझा बल्ब विझला, हिरवा न्यूट्रल उजळला. म्हणजे शॉर्ट मागच्या वाटेवर. जोड परत लावला, बल्ब परत पेटला. आता मागच्या वाटेवरचे एकेक गिऱ्हाईक सोडवलं. फ्लॅशर उपटला, बल्ब पेटलेलाच. हॉर्नच्या वायरी काढल्या, पेटलेलाच. ब्रेक स्विचचा कपलर काढला, तरी पेटलेलाच. दोन नवे फ्लॅशर ज्याच्यासाठी घातले तो आरोप तिथेच पुसला गेला: फ्लॅशर हातात होता आणि शॉर्ट गाडीत. आता उरली ती नुसती वायर, आणि त्या वाटेवर हँडलबरोबर हलणारी जागा एकच असते, ती म्हणजे मान.

टाकी उचलली. मानेच्या उजव्या बाजूने वायरिंगचा गुच्छ ताणून बांधलेला होता, काळ्या टेपने नीटनेटका, पण त्याची मूळ क्लिप गायब. विचारल्यावर गुरुजींना आठवलं, गेल्या वर्षी हँडलच्या बेअरिंगचा कोनसेट बदलला होता. कोनसेटसाठी फोर्क खाली उतरवावा लागतो आणि परत बांधताना वायरिंगला सैलपणा ठेवायचा राहून जातो. हँडल डावीकडे फिरलं की डोम पुढून डावीकडे जातो आणि उजवीकडचा गुच्छ ताणला जाऊन मानेच्या कडेवर दाबला जातो. वर्षभरात त्या कडेने टेप आणि वायरचं कव्हर खाल्लं. टेप उघडली तेव्हा चावीच्या वायरचं तांबं दोन सेंटीमीटर उघडं होतं, थोडं हिरवं पडलेलं. त्याच्या दोन्ही बाजूंचं प्लास्टिक फुगून शेजारच्या वायरला चिकटलेलं. घासणं वर्षाचं होतं. वितळणं मात्र 20 च्या फ्यूजने केलेलं. 10 चाच ठेवला असता तर तो आणखी चारदा उडाला असता, पण शेजारची वायर वाचली असती.

खराब भाग कापून तेवढ्याच जाडीची नवी वायर जोडली, जोड डागला, वर हीट श्रिंक नळी. चिकटलेल्या वायरीचं तांबं आतून चकचकीत होतं, म्हणून तिला फक्त नळी चढवली. गुच्छाला रबरी स्लीव्ह घालून हँडल दोन्ही टोकांना नेऊन पाहिलं आणि कुठेही ताण येणार नाही इतका सैल सोडूनच क्लिप लावली. बल्ब अजून फ्यूजच्या जागीच होता. दहा वेळा हँडल इकडून तिकडे फिरवलं, वायरिंग हाताने हलवली, हिरवा दिवा एकदाही लवला नाही. मग बल्ब काढून लाल 10 चा फ्यूज घातला.

फ्यूज टिकला, पण गाडी अजून बरी नव्हती. डावा इंडिकेटर नीट मारत होता, उजवा दुप्पट वेगाने. साधारणपणे मिनिटाला 60 ते 120 वेळा उघडझाप व्हायला हवी. उजवा मोजायच्याही पलीकडे गेला होता.

इथे सुईसुद्धा लावायच्या आधी एक विचार करावा लागतो. फ्लॅशर एकच असतो आणि दोन्ही बाजूंना तोच करंट देतो. त्याच्या बी टोकावर प्लस येतो, एल टोकातून तो हँडलच्या स्विचकडे जातो, आणि डावं की उजवं हे स्विच ठरवतो. डावी बाजू नीट चालत असेल तर फ्लॅशर निर्दोष आहे आणि शोध स्विचच्या पुढे, उजव्या फांदीवर. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बल्बचा भार बघून वेग ठरवतो. दोन्ही बल्ब करंट घेत असतील तर ठरलेला वेग, एकच घेत असेल तर घाई. जुन्या पत्रीच्या फ्लॅशरमध्ये याच दोषात इंडिकेटर नुसता पेटून राहतो किंवा फार हळू मारतो. आणि कोणी हौसेने एलईडी इंडिकेटर बसवले असतील तर काहीच बिघडलेलं नसताना वेग वाढतो, कारण एलईडी फारच कमी भार घेतो.

उजवा पुढचा बल्ब जळत होता, मागचा नाही. बल्ब काढून पाहिला, फिलामेंट शाबूत. टेस्ट लॅम्पची क्लिप गाडीच्या बॉडीला लावून सुई होल्डरच्या मधल्या टोकाला टेकवली: लॅम्प इंडिकेटरच्या तालावर उघडझाप करायला लागला. म्हणजे प्लस इथपर्यंत येतो आहे. मग उलटं केलं. क्लिप बॅटरीच्या प्लसला आणि सुई होल्डरच्या बाहेरच्या पत्र्याला. इथे लॅम्प पूर्ण पेटायला हवा, कारण तो पत्रा म्हणजे अर्थ, बॅटरीच्या मायनसला जोडलेली बाजू. लॅम्पने नुसता तांबूस डोळा उघडला. अर्थ अर्धवट. या इंडिकेटरचा दांडा मडगार्डच्या प्लास्टिकच्या भागावर आहे, त्यामुळे त्याचा अर्थ बॉडीतून न येता एका बारक्या वायरने येतो, आणि त्या वायरचा गोल लग नट-बोल्टखाली गंजून भाकरीसारखा फुगला होता. नवा लग, खाली रंग खरवडलेला स्वच्छ पत्रा, वर थोडं ग्रीस. दोन्ही बाजू एका तालात आल्या.

दोन्ही बाजू मेल्या असत्या तर मात्र फ्लॅशरवर संशय घेणं बरोबर ठरलं असतं. तेव्हा तो उपटून त्याच्या सॉकेटच्या बी आणि एल मध्ये लॅम्प घालायचा आणि इंडिकेटर द्यायचा. लॅम्प आणि इंडिकेटर मंद जळले तर वायरिंग, स्विच, बल्ब सगळं ठीक आणि फ्लॅशर खराब. काहीच जळलं नाही तर बी वर प्लस येतो का तो बघायचा. नवा फ्लॅशर आणायच्या आधी ही दोन मिनिटं खर्च करावीत.

राहिला हॉर्न, आणि मला यातच जास्त रस होता, कारण इथे मीटरने एकाला फसवलं होतं. गुरुजींच्या म्हणण्यानुसार आधीच्या माणसाने मल्टिमीटर लावून "हॉर्नला बारा व्होल्ट येतायत, हॉर्नच गेलाय" असं सांगितलं होतं.

आधी हॉर्न कुठल्या पद्धतीचा आहे ते बघायचं. काही गाड्यांत बटण प्लस जोडतं आणि हॉर्नचं दुसरं टोक कायम अर्थला असतं. काहींत हॉर्नला चावी ऑन होताच प्लस मिळतो आणि बटण दाबल्यावर दुसरं टोक अर्थ होतं. वायरच्या रंगावर विसंबू नका, कंपनीगणिक ते बदलतात. क्लिप बॉडीला लावून, चावी ऑन करून, बटण न दाबता सुई हॉर्नच्या टोकाला लावली: लॅम्प पेटला. म्हणजे दुसरी पद्धत. दुसऱ्या टोकाला लावली तेव्हाही तो पेटला, थोडा मंद, कारण करंट हॉर्नच्या कॉइलमधून होऊन येत होता. हे पाहून नवखा माणूस गोंधळतो, पण यावरून उलट कळतं की कॉइल तुटलेली नाही. आता सुई तिथेच ठेवून बटण दाबायचं. बटण ठीक असेल तर ते टोक बटणातून अर्थ होतं, लॅम्पला दोन्हीकडे अर्थ मिळतो आणि तो पूर्ण विझतो. माझा लॅम्प फक्त आणखी मंद झाला.

हॉर्नच्या त्याच टोकावरून एक सुट्टी वायर थेट बॉडीला टेकवली. हॉर्न असा वाजला की पलीकडच्या दुकानाच्या पायरीवरचं कुत्रं उठून गेलं. जुना हॉर्न ठणठणीत होता.

आता हॉर्नवरून बटणाकडे जाणारी वायर सोडवली, लॅम्पची क्लिप बॅटरीच्या प्लसला आणि सुई त्या वायरला. बटण दाबलं की लॅम्प पांढरा जळायला हवा. तांबडा जळला, आणि बटण वेगवेगळ्या कोनांतून दाबलं तसा वरखाली होत राहिला. त्याच जागी मी मुद्दाम मल्टिमीटर लावला: बटण दाबल्यावर 12.3 व्होल्ट, एकदम छान. मीटर वाटेतून नगण्य करंट ओढतो, त्यामुळे गंजलेल्या संपर्काचा चारपाच ओहमचा अडथळा त्याला दिसतच नाही. हॉर्नला मात्र अडीच अँपिअर हवे असतात, आणि तेवढे त्या अडथळ्यातून जातच नाहीत. लॅम्प स्वतः पावणेदोन अँपिअर मागतो, म्हणून वाट खरोखर चालती आहे का हे त्याला कळतं. बाजारात पेनासारखे एलईडी टेस्टर मिळतात, ते या बाबतीत मीटरच्याच जातीचे: पुसट करंटवरही लख्ख जळतात.

मोठ्या लॅम्पचा हाच गुण एका ठिकाणी मात्र घात करतो. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस 6 गाड्यांपैकी बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. त्यांच्या ईसीयूच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या, किंवा सेन्सरच्या वायरला 21 वॉटचा लॅम्प टेकवला तर आतला भाग जळू शकतो. तिथे मीटरच वापरायचा. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट एवढ्यापुरताच हा लॅम्प.

डाव्या हँडलचा स्विच उघडला. पावसाचं पाणी बटणाच्या फटीतून आत जाऊन पितळेच्या पट्टीवर हिरवट थर बसला होता. बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, स्प्रिंगला किंचित ताण. परत लॅम्प लावला, पांढरा. हॉर्न जोडला. आवाज थोडा जाड वाटला म्हणून मागच्या स्क्रूला पाव फेरा दिला. त्याहून जास्त फिरवला तर हॉर्न करंट वाढवून घेतो किंवा गप्पच बसतो.

शेवटी सगळं एकदम चालवून पाहिलं: डावं हँडल टोकाला, डावा इंडिकेटर, ब्रेक दाबलेला, हॉर्न वाजतोय. लाल फ्यूज जागेवर. दुसरा एक लाल फ्यूज झाकणातल्या राखीव खाचेत ठेवला आणि पिवळे काढून टाकले.

"मग याचं काय करू?" गुरुजींनी पिशवीतलं नव्या हॉर्नचं खोकं काढलं. दुकानदार परत घेणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पोराने हळूच माझ्याकडे पाहिलं. त्याच्या स्वतःच्या गाडीचा हॉर्न गेल्या दिवाळीपासून बंद होता. मी म्हटलं, "आधी बटण तपास. लॅम्प तिथे खिळ्याला टांगलाय."